आईला एएफ निघालंय, इकोस्प्रिन चालू असताना वेगळं ब्लड थिनर कशाला?

मुग्धा_ठाणे

नमस्कार मंडळी. आई ७२ वर्षांची आहे, वजन ५८ किलो, बीपी आणि शुगर दोन्ही बरीच वर्षं आहेत पण गोळ्यांवर कंट्रोलमध्ये. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी ईसीजी काढला तर त्यात एट्रियल फिब्रिलेशन निघालं. तिला त्रास म्हणाल तर काहीच नाही, ना धडधड ना दम, दोन मजले जिना चढून भाजी घेऊन येते. कार्डिऑलॉजिस्टनी इको केला, पंपिंग चांगलं आहे व्हॉल्व्ह ठीक आहेत म्हणाले, आणि एपिक्सॅबान ५ सकाळ-संध्याकाळ लिहून दिली, तीसुद्धा कायमची. स्ट्रोक होऊ नये म्हणून.

आता माझा गोंधळ असा की इकोस्प्रिन ७५ ती आधीपासून घेतेच आहे, तीही रक्त पातळ करायचीच गोळी ना? मग ही दुसरी कशाला? आणि ठोके हृदयाचे चुकतायत तर झटका मेंदूला का येईल? ओपीडीत इतकी गर्दी होती की विचारायला जमलंच नाही. मामा म्हणतो या वयात असल्या गोळ्यांनी डोक्यात रक्तस्राव होतो, अजिबात देऊ नका. गोळ्या आणून ठेवल्यात, अजून सुरू केलेल्या नाहीत. क्रिएटिनिन ०.९, हिमोग्लोबिन १२.१. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

नाना_चिंचवड

मुग्धा, आधी घाबरू नकोस. मी ७४ चा आहे, इकोस्प्रिन दहा वर्षं घेतोय, देवाच्या दयेने काही झालेलं नाही. वयानुसार रक्त घट्ट होतं आणि त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून पाणी भरपूर प्यायचं आणि सकाळी लसणाची पाकळी. एक गोष्ट मात्र पक्की, रक्ताच्या दोन-दोन गोळ्या एकत्र देऊ नकोस, आमच्या शेजाऱ्यांना त्यानेच पोटात रक्तस्राव होऊन आयसीयूत ठेवावं लागलं होतं.

सुनंदा_के

अँजिओग्राफी केली का? माझ्या जावेला असंच ईसीजीत निघालं होतं, मग ९० टक्के ब्लॉकेज सापडलं आणि दोन स्टेंट बसले. शुगरवाल्यांना अटॅक कळत नाही म्हणतात. उशीर करू नका.

इको_इंद्रायणी

मुग्धाताई, मी कार्डिऑलॉजीत आहे, रोजचं काम इकोचं. आईंना तपासल्याशिवाय औषध सांगणार नाही, पण तुमचे दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुनंदाताई, तुमच्या जावेचं होतं ते हृदयाला रक्त देणाऱ्या नळ्यांचं. इथे प्रश्न हृदयाच्या वरच्या कप्प्याचा आहे. दोन्ही एकाच माणसात असू शकतं, पण एएफ म्हणजे ब्लॉकेज नव्हे आणि त्यासाठी प्रत्येकाची अँजिओग्राफी लागत नाही.

डावीकडच्या वरच्या कप्प्याला, म्हणजे लेफ्ट एट्रियमला, बाजूला एक छोटी पिशवी असते, साधारण अंगठ्याएवढी. आम्ही तिला अपेंडेज म्हणतो. तिला एकच तोंड असतं, आत गेलेलं रक्त त्याच तोंडातून बाहेर यायला हवं, आणि आतून ती गुळगुळीत नसते, स्नायूंच्या कडा-कंगोरे आणि कोपरे असतात. ठोका नीट पडत असतो तेव्हा कप्पा आणि पिशवी दोन्ही एकदम आवळतात आणि रक्त झटक्यात बाहेर फेकलं जातं. एएफमध्ये वरच्या कप्प्यात मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे अशा कशाही विजेच्या लहरी फिरत राहतात, त्यामुळे कप्पा आवळत नाही, नुसता थरथरतो. खालचे कप्पे मात्र पंप करत असतात, ठोके अनियमित का होईना, म्हणून आईंना जिना चढता येतो आणि पंपिंग चांगलं दिसतं. बिघाड झालाय तो त्या पिशवीतल्या रक्ताच्या हालचालीत.

हे डोळ्यांनी बघता येतं. घशातून नळी घालून इको करतो तेव्हा पिशवी स्क्रीनवर स्पष्ट दिसते. निरोगी माणसात तिच्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ४० सेंटिमीटरच्या वर असतो. एएफमध्ये तो कधीकधी २० च्या खाली गेलेला मोजलाय, आणि तेव्हा आत धुरासारखं काहीतरी हळूहळू गोल फिरताना दिसतं. आमच्या भाषेत स्मोक. संथ झालेल्या रक्तात तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून तसं दिसतं. अजून गुठळी झालेली नसते पण व्हायची तयारी असते. काही पेशंटमध्ये त्या धुरामागे टोकाला चिकटलेला क्लॉटच दिसतो. व्हॉल्व्हचा आजार नसलेल्या एएफमध्ये डाव्या कप्प्यातले दहातले नऊ क्लॉट याच पिशवीत सापडतात.

आता मेंदूपर्यंत कसा जातो ते. क्लॉटचा तुकडा सुटला की डाव्या वरच्या कप्प्यातून मायट्रल व्हॉल्व्हमधून खाली, तिथून पुढच्या ठोक्याला महारोहिणीत. तिच्या कमानीवरून मानेत चढणाऱ्या नळ्या सुरू होतात आणि हृदयातून निघालेल्या रक्तातलं जवळपास १५ टक्के मेंदूकडे जातं, म्हणजे तुकड्याला तिकडे जायला सरळ रस्ता आहे. मानेतली नळी रुंद असते, तिथून तो आरामात वर जातो, पण कवटीत शिरल्यावर नळी अरुंद होते. मेंदूच्या बाजूच्या मोठ्या भागाला रक्त देणारी मिडल सेरेब्रल धमनी जेमतेम तीन मिलिमीटरची, तुकडा तिथे अडकतो. डावीकडे अडकला तर उजवा हात-पाय आणि बहुतेकांची बोली जाते. हृदयात तयार झालेले हे क्लॉट मोठे असतात म्हणून एएफचा स्ट्रोक इतर बऱ्याच स्ट्रोकपेक्षा जड जातो. काही तुकडे पायात किंवा आतड्यातही जातात, पण मेंदूच जास्त.

इकोस्प्रिनचं पुढच्या पोस्टमध्ये लिहिते, पेशंट आलाय.

विक्रम_सातारा

वरचं वाचून अंगावर काटा आला कारण बाबांचं अगदी हेच झालं. त्यांना एएफ होतं, एपिक्सॅबान चालू होती, दोन वर्षं काही तक्रार नाही. दाढ काढायची होती म्हणून दाताच्या दवाखान्यात सांगितलं की रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस आधीपासून बंद करा. बंद केली. दाढ निघाली, पण गोळी परत कधी सुरू करायची ते ना दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं ना कुणी लिहून दिलं. नवव्या दिवशी सकाळी चहाचा कप उजव्या हातातून सटकला, आई काय झालं म्हणून विचारतेय आणि बाबा बघतायत तिच्याकडे पण शब्द फुटत नाहीये, तोंड डावीकडे ओढल्यासारखं. नशिबाने पाऊण तासात सीटी असलेल्या हॉस्पिटलला पोचलो. तिथे सगळ्यात आधी दोन गोष्टी विचारल्या, शेवटचं नॉर्मल कधी पाहिलं आणि ब्लड थिनरचा शेवटचा डोस कधी घेतला. गोळी बरेच दिवस बंद होती म्हणून क्लॉट विरघळवायचं इंजेक्शन देता आलं, मग पुण्याला हलवून जांघेतून तार घालून क्लॉट काढला. आज चालतात, पण वाक्यं अर्धवट राहतात.

माझा प्रश्न असा की गोळी चालू असती तर ते इंजेक्शन मिळालं नसतं म्हणतात, मग चालू ठेवणं चांगलं की बंद?

नाना_चिंचवड

विक्रम, वाईट वाटलं वाचून. पण बघ, बंद होती म्हणूनच इंजेक्शन मिळालं. औषध हे दुधारी असतं ते असं.

इको_इंद्रायणी

नाना, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. बंद होती म्हणून इंजेक्शन मिळालं हे खरं, पण बंद होती म्हणूनच ते लागण्याची पाळी येण्याची शक्यता जास्त आहे. विक्रमदादा, गोळी दोन दिवसांत घेतलेली असेल तर बहुतेक ठिकाणी इंजेक्शन देत नाहीत हे बरोबर, पण तारेने क्लॉट काढणं तेव्हाही करता येतं. आणि इंजेक्शनची वेळ स्ट्रोकनंतर साडेचार तासांपर्यंतच, त्या वेळेत पोचणारे आपल्याकडे फार थोडे. त्या आशेवर रोजचं संरक्षण सोडणं हा तोट्याचा सौदा आहे.

एपिक्सॅबानचा असर साधारण १२ तासांत निम्म्यावर येतो, दोन दिवस चुकले की संरक्षण जवळपास संपतं. म्हणूनच ती दोन वेळा घ्यायची असते. एक साधी दाढ काढायला बहुतेकदा गोळी बंद करावीच लागत नाही, फार तर सकाळचा डोस मागे-पुढे करतात. पाच दिवस हे वॉरफरिन या जुन्या ब्लड थिनरच्या जमान्यातलं गणित, कारण ती उतरायलाच तितके दिवस लागतात. बंद करायची वेळ आलीच तर दाताचे आणि हृदयाचे डॉक्टर बोलून ठरवू देत, आणि कुठल्या तारखेला कुठला डोस परत सुरू, हे कागदावर लिहून घ्या.

आता मुग्धाताईंचा इकोस्प्रिनचा, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचा प्रश्न. गुठळी दोन ठिकाणी दोन तऱ्हेने होते. धमनीत चरबीचा थर फुटला की वेगाने वाहणाऱ्या रक्तातल्या प्लेटलेट्स त्या जखमेवर येऊन चिकटतात. हार्ट अटॅकला बऱ्याचदा हे कारण असतं आणि अ‍ॅस्पिरिन इथे काम करते, ती प्लेटलेट्सना चिकटू देत नाही. एएफच्या पिशवीत जखम नसते, रक्त नुसतं साठून राहतं. तिथे रक्तातली क्लॉटिंगची साखळी सुरू होते, थ्रॉम्बिन नावाचा पदार्थ तयार होतो, तो फायब्रिनचे धागे विणतो आणि त्या जाळीत तांबड्या पेशी अडकून मऊ लाल गुठळी बनते. प्लेटलेट्सचं काम इथे कमी, म्हणून अ‍ॅस्पिरिनचा हात तिथे तोकडा पडतो. एपिक्सॅबान त्या साखळीतला दहावा घटक अडवते, त्यामुळे थ्रॉम्बिन कमी बनतं आणि जाळी विणली जात नाही. आधी बसलेला क्लॉट ती स्वतः विरघळवत नाही, तो वाढू देत नाही आणि शरीराची आपली यंत्रणा तो हळूहळू खाते.

नाना, रक्त घट्ट होण्याचा किंवा पाण्याचा यात फारसा भाग नाही. चांगलं पाणी पिणाऱ्या माणसाच्याही पिशवीत रक्त साठतं. लसूण खा, पण तिच्या भरवशावर राहू नका.

मुग्धा_ठाणे

डॉक्टर, खूप खूप आभार, पहिल्यांदा नीट कळलं. पण मामा डोक्यातल्या रक्तस्रावावर अडून बसलाय. तो म्हणतो अ‍ॅस्पिरिन निदान सौम्य तरी आहे.

इको_इंद्रायणी

मामांची भीती खोटी नाही, रक्तस्राव होतोच काहींना. पण अ‍ॅस्पिरिन सौम्य, हे गणित तपासून पाहिलेलं आहे. २०११ साली आलेल्या अ‍ॅव्हेरोज अभ्यासात ज्यांना वॉरफरिन देता येत नाही असे साडेपाच हजार एएफचे पेशंट घेतले, काहींना अ‍ॅस्पिरिन आणि काहींना एपिक्सॅबान दिली. वर्षाला १०० जणांत अ‍ॅस्पिरिनवाल्यांत ३.७ जणांना स्ट्रोक किंवा तसाच क्लॉट झाला, एपिक्सॅबानवाल्यांत १.६. आणि मोठा रक्तस्राव अ‍ॅस्पिरिनवर १.२, एपिक्सॅबानवर १.४, म्हणजे जवळपास सारखाच. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास वेळेआधीच थांबवला. मामांना हे आकडे जरूर दाखवा.

आईंचा धोका किती ते डॉक्टर पॉइंट्सवर मोजतात. वय ६५ ते ७४ चा एक, बीपीचा एक, शुगरचा एक, जुन्या पद्धतीत बाईचा अजून एक धरायचे म्हणजे चार, युरोपच्या २०२४ च्या नव्या पद्धतीत बाई-पुरुष फरक काढलाय म्हणून तीन. कुठल्याही पद्धतीने गोळी द्यावी असंच येतं. तीन वर्षांनी ७५ झाल्या की वयाचेच दोन होतील.

आणि नानांचा एक मुद्दा मात्र अगदी बरोबर, दोन्ही गोळ्या एकत्र विनाकारण नकोत. आईंना स्टेंट किंवा अटॅकचा इतिहास नसेल तर एपिक्सॅबान सुरू करताना इकोस्प्रिन ठेवायची की काढायची हे डॉक्टरांना नक्की विचारा, बहुतेकदा काढतात. स्टेंटवाल्यांनी मात्र हे वाचून आपापली इकोस्प्रिन बंद करू नका, त्यांचं गणित वेगळं असतं आणि स्टेंट किती जुना यावर ठरतं.

फार्मा_प्रशांत

माझं मेडिकल आहे कोल्हापूरला. एक सांगतो मुग्धाताई, तुमच्या आईंचं वजन ६० च्या खाली आहे ना, मग २.५ ची गोळी लागते, ५ ची नाही. आमच्याकडे बरीच वयस्कर माणसं २.५ च नेतात. डॉक्टरांकडून बदलून घ्या, ५ ने जास्त ब्लीडिंग होईल.

इको_इंद्रायणी

प्रशांतदादा, अर्धा नियम बरोबर आठवलाय. तीन गोष्टी बघायच्या असतात, वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. यातल्या दोन लागू झाल्या तर २.५. मुग्धाताईंच्या आईंना फक्त वजन लागू होतं, वय ७२, क्रिएटिनिन ०.९. म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी लिहिलेली ५ बरोबर आहे. भीतीपोटी सगळ्यांना २.५ देणं हे मी रोज बघते, आणि त्यात स्ट्रोकपासून पूर्ण संरक्षण मिळतंय याची खात्री राहत नाही. उद्या किडनी बिघडून क्रिएटिनिन १.५ च्या वर गेलं तर डोस बदलावा लागेल, म्हणून वर्षातून एकदा तरी तपासणी, किडनी नाजूक असेल तर जास्त वेळा.

फार्मा_प्रशांत

हे आधी कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. धन्यवाद मॅडम, प्रिस्क्रिप्शनवर २.५ दिसलं की आता वय आणि क्रिएटिनिन विचारत जाईन. एक माझ्याकडून पण, गुडघेदुखीला लोक काउंटरवरून डायक्लोफेनॅक सर्रास मागतात. ब्लड थिनरवर असलेल्यांनी तसं करू नये, पोटातून रक्त जाण्याचा धोका खूप वाढतो.

सुनंदा_के

हो, माझ्या सासूबाईंना काळी शी झाली होती डांबरासारखी, आम्हाला वाटलं लोहाच्या गोळीमुळे, नंतर हिमोग्लोबिन सात निघालं. तेव्हा त्याही असल्याच गोळीवर होत्या आणि गुडघ्यासाठी पेनकिलर चालू होती.

शुभदा_मिरज

माझं जरा वेगळं आहे. लहानपणी सांधेतापाने व्हॉल्व्ह खराब झाला, मायट्रल स्टेनोसिस आहे आणि आता एएफही. मी असिट्रोम घेते आणि दर महिन्याला रक्त गोठायची तपासणी, आयएनआर, तो कधी १.६ येतो कधी ३.८. मेथी-पालक खाल्ली की कमी येतो म्हणून भाजीच सोडली. या नव्या गोळ्या मला का देत नाहीत? त्यात रक्त तपासावं लागत नाही म्हणे.

इको_इंद्रायणी

शुभदाताई, तुमच्यात तीच चांगली ठरली आहे, तुम्हाला स्वस्तातलं काही देतायत असं समजू नका. व्हॉल्व्ह अरुंद असला की नुसती पिशवीच नाही, अख्खा डावा कप्पाच रक्ताने फुगून संथ होतो, तुमच्यासारख्यांत स्ट्रोकचा धोका साध्या एएफपेक्षाही कितीतरी जास्त. तुमच्यासारख्या सांधेतापाच्या पेशंटवर २०२२ मध्ये इन्व्हिक्टस अभ्यास झाला, त्यात भारतातलेही पेशंट होते. रिव्हॅरॉक्सॅबान घेणाऱ्यांपेक्षा वॉरफरिन गटाच्या गोळीवरचे लोक जास्त जगले. असिट्रोम त्याच गटातली.

आयएनआर २ ते ३ मध्ये राहायला हवा. १.६ ला संरक्षण कमी पडतं आणि ३.८ ला रक्तस्रावाची भीती. भाजी सोडू नका, दर आठवड्याला साधारण सारखीच खा आणि डोस त्या खाण्यावर बसवून घ्या. एक आठवडा रोज पालक आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही, याने आकडा वरखाली नाचतो. अँटिबायोटिक सुरू झाली की चार-पाच दिवसांत आयएनआर बघा.

मंदार_न्यूजर्सी

मी ५२ चा, बीपी नाही शुगर नाही. माझ्या घड्याळाने महिन्यात दोनदा एएफ दाखवलं, दोन्ही वेळा काही मिनिटं, बाकी ईसीजी नॉर्मल. इथल्या डॉक्टरने तीस दिवसांचा मॉनिटर लावलाय पण गोळी नको म्हणाला. तो क्लॉट व्हायला किती वेळ लागतो मग? पाच मिनिटांत होतो का?

इको_इंद्रायणी

मंदार, याचं सरळ उत्तर कुणाकडेच नाही. एएफ ४८ तासांपेक्षा जास्त चाललं असेल आणि ठोका पूर्ववत आणायचा शॉक द्यायचा असेल तर आम्ही आधी तीन आठवडे गोळी देतो किंवा घशातून इको करून क्लॉट नाही याची खात्री करतो, पण ४८ ही सोयीची रेघ आहे, त्याआधी क्लॉट होतच नाही असं नाही. आणि ठोका पूर्ववत आला तरी पिशवी काही आठवडे सुस्त राहते, म्हणून शॉकनंतरही निदान चार आठवडे गोळी.

काही मिनिटांच्या एएफबद्दल दोन मोठे अभ्यास २०२३ मध्ये आले, दोन्हींत शरीरात बसवलेल्या पेसमेकरसारख्या यंत्रांनी ते पकडलेलं होतं. एकात गोळीने स्ट्रोक कमी झाले पण रक्तस्राव वाढले, दुसऱ्यात स्पष्ट फायदा दिसला नाही. घड्याळाचं त्यावरून किती ठरवायचं यावर आमच्यातही एकमत नाही. तुझे पॉइंट्स शून्य आहेत, म्हणून तुझ्या डॉक्टरचं थांबणं मला पटतं. मॉनिटरवर तासन्‌तास एएफ दिसलं तर परत बोलू.

विक्रम_सातारा

एक विचारायचं राहिलं. बाबांची गोळी आता आई डबीतून देते पण गेल्या आठवड्यात लग्नाच्या गडबडीत संध्याकाळची राहिली, रात्री अकराला लक्षात आलं. तेव्हा द्यायची की सकाळी दोन एकदम?

इको_इंद्रायणी

त्याच दिवशी आठवलं तर आठवेल तेव्हा लगेच द्यायची, पुढची नेहमीच्या वेळेला. दोन एकदम कधीच नाही.

मुग्धा_ठाणे

काल फोनवर डॉक्टरांशी बोलणं झालं. स्टेंट नाही म्हणून इकोस्प्रिन बंद करायला सांगितली आणि एपिक्सॅबान ५ काल रात्रीपासून सुरू केली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बंद करावी लागेल का तेही विचारलं, नको म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरांना नुसतं सांगून ठेवा. मामाला अजून पूर्ण पटलेलं नाही, त्याला पुढच्या तपासणीला बरोबर नेणार आहे.